टाळी एक, पोटं दोन : लावणीतल्या चढ्या ठेक्यांची मोजणी

लावणी चढीला लागली की थिएटरातल्या मागच्या बाकांवरची माणसं टाळ्या धरतात आणि त्या बिनचूक पडतात. पुढच्या रांगेत बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसलेला तबल्याचा विद्यार्थी मात्र तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात हरवतो. मी या दुसऱ्या जातीचा. तबल्याच्या दोन-तीन परीक्षा देऊन झाल्यावर पहिल्यांदा संगीतबारी ऐकायला गेलो, तेव्हा केरवा ओळखायला काय लागतं, अशा ऐटीत बसलो होतो. अर्ध्या लावणीपर्यंत बोटं आठ मोजत होती. मग ढोलकीवाल्यानं काहीतरी केलं आणि सहा मोजून होताहेत तोवर सम यायला लागली. शेजारचे काका मात्र तीच टाळी त्याच जागी देत राहिले. काही बदललंय हे त्यांना जाणवलं नव्हतं, किंवा जाणवूनही त्यांनी त्याची फिकीर केली नव्हती. दोन्ही अर्थांनी त्यांचं बरोबर होतं.

ढोलकीचे चढे ठेके मोजायचे कसे, याची उत्तरं चार ठिकाणांहून मिळतात. छंदशास्त्राची पुस्तकं एक सांगतात, तबल्याचा वर्ग दुसरं, फडावरचा ढोलकीवाला तिसरं आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला संयोजक चौथं. एकाच लावणीला एक जण आठ मात्रा म्हणतो, दुसरा चार, तिसरा दोन, आणि चौथा संगणकाच्या पडद्याकडे बघून ९६ किंवा १९२ असा आकडा सांगतो. यातलं कुणी चुकत नाही. प्रत्येक जण वेगळी वस्तू मोजतो आणि कुठली ते सांगत नाही, एवढीच अडचण आहे.

आधी वाद्याबद्दल थोडं, कारण मोजणीच्या निम्म्या खुणा वाद्यातच आहेत. ढोलकीची एक बाजू शाईची. ती चढ्या सुरात, गायिकेच्या पट्टीला मिळवलेली असते आणि तिच्यावर बोटांचे कडक, तुटक बोल निघतात. दुसऱ्या बाजूला कातड्याच्या आतून मसाला लावलेला असतो. ती घुमते आणि पंजा दाबत सरकवला की तिचा आवाज वर चढतो. लावणीतला तो ओळखीचा घुमारा या बाजूचा. चढ्या लयीत शाईच्या बाजूचे बोल इतके दाट पडतात की मोजायला गेलेला कान त्यांच्यातच अडकतो. मोजायचं असेल तर कान घुमाऱ्यावर ठेवावा. तो विरळ असतो आणि बहुतेक वेळा समेचा पत्ता त्याच्याकडेच असतो.

तबल्याच्या वर्गातला केरवा घ्या : धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग. यात घुमणारे बोल किती? पहिल्या मात्रेवरचा धा, दुसरीवरचा गे आणि सातवीवरचा धी. तिसरीपासून सहावीपर्यंत घुमारा गप्प असतो. आता दादरा : धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. इथं घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. शाईच्या बाजूनं कितीही भरणा केला तरी खालचा हा सांगाडा बराच काळ टिकतो. केरव्यात एक लांब पोकळी आणि समेआधी एक ढुशी, दादऱ्यात दोन्ही भागांच्या तोंडाशी घुमारा. ढोलकीवाला हे बोल जसेच्या तसे वाजवत नाही, हे खरं. तो डाव्या हाताचा आघात मागेपुढे सरकवतो, गाळतो, दोनाचे तीन करतो. तरी कान बसवायला पुस्तकी बोल पुरेसे आहेत.

केरव्याच्या मात्रा किती हा वाद जुनाच आहे. कुणी त्याच्या आठ मात्रा लिहितो, तर कुणी धागे, नाती, नक, धीन अशा चारच लिहितो, एकेका मात्रेत दोन-दोन बोल घालून. वाजतं तेच. लावणीच्या चढ्या लयीत आठ मात्रा तोंडानं म्हणणं अशक्य होतं, म्हणून माणूस आपोआप चारावर येतो, मग दोनावर. शेजारचे काका दोनावर होते.

हे आकड्यांत मांडून बघू. घड्याळ समोर ठेवा आणि पंधरा सेकंदांत किती समा पडतात ते मोजा. पहिली सम पडली की ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नव्हे. सगळी गफलत इथंच होते, कारण ‘एक’पासून सुरुवात केली की एक आवर्तन फुकटचं पदरात पडतं. समजा, बारा समा आल्या. म्हणजे मिनिटाला ४८ आवर्तनं, एका आवर्तनाला सव्वा सेकंद. एका आवर्तनात दोन टाळ्या धरल्या, एक समेवर आणि एक पाचव्या मात्रेवर, तर मिनिटाला ९६ टाळ्या झाल्या. ही आरामात चालणाऱ्या माणसाच्या पावलांची गती आहे. अशी टाळी कुणीही तासभर देऊ शकतो. पण त्याच आवर्तनातल्या आठही मात्रा मोजायच्या म्हटल्या तर त्या मिनिटाला ३८४ होतात, सेकंदाला सहाहून जास्त. ‘एक दोन तीन चार’ म्हणताना जीभ अडखळते ती इथं. दोष जिभेचा नाही. मोजायला घेतलेलं मापच बारीक आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ठरवायची ती मापाची. मी तीन शब्द वापरतो : आवर्तन, टाळी आणि बोल. आवर्तन म्हणजे समेपासून समेपर्यंत. टाळी म्हणजे आवर्तनाचा अर्धा भाग. बोल म्हणजे टाळीच्या पोटातला एकेक सारखा तुकडा. लावणीच्या चढ्या ठेक्यांचा बहुतेक सगळा खेळ टाळीच्या पोटात चालतो. पोटात चार बोल असले तर केरव्याचं घर, तीन असले तर दादऱ्याचं. संगीतशास्त्रात याला चतस्र आणि तिस्र म्हणतात. टाळी तीच राहते.

आता समेचा प्रश्न. नवशिका गायिकेच्या पहिल्या शब्दावर सम धरतो आणि फसतो, कारण लावणीची ओळ पुष्कळदा समेआधीच सुरू होते. ‘अहो’, ‘बाई गं’, ‘पाव्हणं’ अशी हाक समेच्या अलीकडे टाकायची आणि ओळीचा पहिला वजनदार शब्द समेवर आणायचा, ही लावणीची नेहमीची रीत. या हाकेला मोजणीत धरलं की सगळं आवर्तन तेवढ्या मात्रांनी अलीकडे सरकतं आणि मग घुमारा ‘चुकीच्या’ जागी पडतोय असं वाटायला लागतं. तसं वाटलं तर ढोलकीवाल्यावर शंका घेण्याआधी स्वतःची सम तपासावी. तपासायची सोपी जागा म्हणजे झीलकरी. मागून ‘जी जी रं जी’ उचलणारी माणसं शब्दांच्या नखऱ्यात पडत नाहीत, ती ठेक्यावर उभी असतात. झांज आणि तुणतुणंही तसंच. तुणतुण्याच्या एकाच तारेवर लय धरून ठेवणारा साथीदार फडात फारसा कुणाच्या नजरेत भरत नाही, पण मोजणाऱ्यासाठी तो घड्याळासारखा आहे.

पोटात तीन की चार, हे कसं ओळखायचं? इथं छंदशास्त्र कामाला येतं. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, ‘छंदोरचना’त मात्रावृत्तांची आवर्तनांवरून वर्गवारी केली. आठ मात्रांचं आवर्तन ते पद्मावर्तनी, कारण कमळ आठ पाकळ्यांचं. सहा मात्रांचं भृंगावर्तनी, कारण भुंग्याला पाय सहा. पाच मात्रांचं हरावर्तनी आणि सात मात्रांचं अग्न्यावर्तनी अशीही घरं त्यांनी सांगितली. लावणीचा व्यवहार मुख्यतः पहिल्या दोन घरांत चालतो. म्हणजे शब्द वाचूनच ठेक्याचा अंदाज बांधता येतो, ढोलकी वाजण्याआधी.

उदाहरणासाठी कुणाची लावणी मोडायला नको, म्हणून ओळ मीच जुळवली आहे. काव्य म्हणून तिला किंमत नाही, मापाची काठी म्हणून आहे :

रात सरेना, दिवा विझेना, वाट बघूनी डोळा शिणला

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘रात सरेना’ : रा दोन, त एक, स एक, रे दोन, ना दोन. आठ. ‘दिवा विझेना’ : एक, दोन, एक, दोन, दोन. आठ. ‘वाट बघूनी’ आठ, ‘डोळा शिणला’ आठ. म्हणजे एका ओळीत चार आवर्तनं. शिवाय प्रत्येक आठाचे चार-चार असे दोन साफ तुकडे पडतात : ‘रात स’ आणि ‘रेना’, ‘दिवा वि’ आणि ‘झेना’, ‘वाट ब’ आणि ‘घूनी’, ‘डोळा’ आणि ‘शिणला’. शब्द मधे तुटला तरी कानाला ते खटकत नाही. टाळ्या पडतात त्या ‘रा’वर आणि ‘रे’वर, ‘दि’वर आणि ‘झे’वर. ओळीला आठ टाळ्या, प्रत्येक टाळीच्या पोटात चार बोल. हे केरव्याचं घर झालं. मघाच्या गतीनं ही ओळ बरोबर पाच सेकंदांत संपेल.

आता तीच ओळ थोडी कापून :

रात सरे, दीप विझे, वाट बघे, नयन झुरे

‘रात सरे’ : दोन, एक, एक, दोन. सहा. पुढचे तिन्ही तुकडेही सहाचेच. आणि प्रत्येक तुकडा तीन-तीनमध्ये मोडतो : रात, सरे, दीप, विझे, वाट, बघे, नयन, झुरे. इथं तर शब्दच तीन-तीन मात्रांचे आहेत. ही भृंगावर्तनी ओळ दादऱ्यात आपोआप बसते. ती केरव्यात म्हणून बघा, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक मात्रा रिकामी पडते आणि ओळ लंगडते.

इथवर सगळं सरळ आहे आणि इथंच थांबलं तर पुस्तकी उत्तर मिळतं : शब्द आठाचे तर केरवा, सहाचे तर दादरा. लावणी मात्र एवढ्यावर ऐकत नाही. ती पहिली, आठ मात्रांची ओळ पुन्हा घ्या आणि आता ‘रा-त-स’ ही तीन अक्षरं सारख्याच लांबीची म्हणा, एकेक बोलाची. मग ‘रे’ दोन बोल आणि ‘ना’ एक. ‘दि-वा-वि’ सारखी तीन, ‘झे’ दोन, ‘ना’ एक. ‘वा-ट-ब’ तीन, ‘घू’ दोन, ‘नी’ एक. ‘डो’ दोन, ‘ळा’ एक, ‘शि-ण-ला’ तीन. सगळी ओळ तिस्रात बसली, एकही अक्षर न गाळता. काय झालं? ‘रा’, ‘वा’, ‘ना’, ‘नी’, ‘ळा’, ‘ला’ ही गुरू अक्षरं लघूच्या मापानं म्हटली गेली. बोलीत आपण हे रोज करतो, आणि लावणी बोलीला जवळ असल्यानं तिला ते शोभतं. पद्मावर्तनी ओळ टाळी न हलवता तिनाच्या पोटात शिरली.

म्हणून शब्द हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. शब्दांवरून कवीच्या मनातली चाल कळते, गायिका आत्ता काय करते आहे ते कळत नाही. ते कळायला तिच्या गुरू अक्षरांकडे कान द्यायचा. ‘रा’ला दोन बोलांचा निवांतपणा मिळतोय की तो ‘त’इतकाच चटकन उडतोय? उडत असेल तर शब्द आठाचे असोत, पोट तिनाचं आहे. म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’पासून लावणीच्या रचनेचा अभ्यास गंभीरपणे झाला आहे, पण छापील शब्दांच्या मात्रा मोजून ठेका ठरवण्याची सवय अनेक लेखांत अजून दिसते. मोजणी कानानं करायची आहे, डोळ्यांनी नव्हे.

आता त्या संगीतबारीत माझी बोटं कुठं घसरली, त्याकडे वळू. लावणी रंगात आली की ढोलकीवाला चारावरून तिनावर जातो, किंवा उलटा येतो. हे जाणं दोन तऱ्हांचं असतं आणि ऐकणारे त्यांची सरमिसळ करतात.

पहिल्या तऱ्हेत टाळी कायम राहते आणि पोट बदलतं. मघाचा आकडा घ्या : मिनिटाला ९६ टाळ्या, म्हणजे एका टाळीला ०.६२५ सेकंद. पोटात चार बोल होते तेव्हा एकेका बोलाला सुमारे ०.१५६ सेकंद मिळत होते. आता पोटात तीन आले, प्रत्येकाला सुमारे ०.२०८. बोल संथ झाले, टाळी तीच राहिली, नाचणारीच्या पावलाचा आघात त्याच जागी. ऐकणाऱ्याला एकदम झुलल्यासारखं, मोकळं वाटतं. काका टाळी देत राहिले ते यामुळे. माझी बोटं बोल मोजत होती. मोजायला घेतलेली वस्तूच बदलली, मग बोटं काय करणार?

दुसऱ्या तऱ्हेत बोलाची गती कायम राहते आणि मोळी बदलते. म्हणजे हात त्याच वेगानं पडतोय, पण आता चार-चारऐवजी तीन-तीनची जुडी बांधली. बोल ०.१५६ सेकंदांचाच राहिला तर तीन बोलांची टाळी ०.४६९ सेकंदांची झाली आणि टाळ्या मिनिटाला ९६ वरून १२८ वर गेल्या. बोल वाढले नाहीत, टाळी मात्र एक तृतीयांशानं जोरात पळायला लागली. प्रेक्षकांच्या टाळ्या अशा वेळी क्षणभर फुटतात, निम्मे मागं राहतात, आणि दोन-तीन आवर्तनांत पुन्हा जुळतात. नाचणारीलाही पाऊल नव्यानं बसवावं लागतं, म्हणून ही उडी सहसा तोड्यानंतर, सम देऊन, सगळ्यांना सावध करून घेतली जाते.

ओळखायचं कसं? बदल होताना पायाच्या अंगठ्यानं टाळी चालू ठेवायची. अंगठा समेवर येत राहिला तर पहिली तऱ्हा. तो मागं पडला आणि ढोलकी पुढं निघून गेली तर दुसरी. बोटांनी यातलं काही कळत नाही, कारण बोटं दोन्ही वेळा ‘आठाचे सहा झाले’ एवढंच सांगतात.

तिसरा एक बदल आहे, तो मोजायला सोपा पण फसवण्यात पटाईत : दुगुण. टाळी कायम, पोट चाराचंच, पण प्रत्येक बोलाचे दोन झाले. एका टाळीत आठ आघात. टाळ्यांच्या गजरात सगळे म्हणतात, लय वाढली. वाढलेली नसते. गायिकेचे शब्द बघा, ते आधीच्याच चालीनं येत असतात. लय खरोखर वाढते ती वेगळ्या वाटेनं, आवर्तनागणिक किंचित, कुणाच्या लक्षात न येता. नऊ समांवर सुरू झालेली लावणी बारावर केव्हा पोचली हे घड्याळाशिवाय कळत नाही. म्हणून ‘या लावणीची लय किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. सुरुवातीची किती आणि शेवटाची किती, असं विचारावं लागतं.

आता मधल्या, घसरड्या जागेबद्दल. चढ्या लयीत पुष्कळ ढोलकीवाले तीनही वाजवत नाहीत आणि चारही नाही. टाळीच्या पोटात एक लांब आणि एक आखूड असे दोनच ठळक आघात पडतात. लांब-आखूडाचं प्रमाण तिस्रात दोनास एक असतं, चतस्रात तीनास एक. हात जसजसा पळतो तसं हे प्रमाण दोन आणि तीनच्या मधे कुठंतरी तरंगायला लागतं. कागदावर ते धड सहांत उतरत नाही, धड आठांत नाही. कुणी याला ढोलकीवाल्याचा सैलपणा म्हणतं. मला ते मान्य नाही, कारण टाळी सैल होत नाही, फक्त पोट झुलतं. ज्यांना ठरवायचंच आहे त्यांनी ढोलकीवर तोंडानं आधी ‘धा गे ना ती’ म्हणून बघावं, मग त्याच टाळीत ‘धा धी ना’. शेवटचा आखूड आघात ‘ती’वर पडतोय की ‘ना’वर? ज्यात तोंडाला ओढाताण होत नाही ते पोट. आणि दोन्हींत थोडी थोडी ओढाताण झाली तर तसंच लिहून ठेवावं. बळंच एका घरात कोंबू नये.

तीन-तीन-दोन हीही अशीच एक जागा. आठ मात्रांत शाईच्या बाजूचे कडक आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर आले की पहिले दोन तुकडे ऐकून कान म्हणतो, हा दादरा. मग दोनाचा तुकडा येतो आणि सगळं मोडतं. नवख्याची इथं हमखास फसगत होते. पण घुमारा ऐका आणि समेला समेशी जोडा. दोन टाळ्या समान अंतरावर पडतात, आणि त्यातली दुसरी कडक आघाताच्या लगेच पुढच्या मात्रेवर, पाचवीवर, पडते. दादऱ्यात दुसरी टाळी आघातावरच पडली असती.

तिहाई मोजता आली की चढ्या ठेक्याची भीती जाते, म्हणून एक तिहाई पुरती सोडवून बघू. पाच बोलांचा तुकडा घ्या, ज्याचा पाचवा बोल दणदणीत ‘धा’ आहे : ‘ति र कि ट धा’. प्रत्येक अक्षर एक बोल. असा तुकडा मधे न थांबता तीनदा वाजवला तर पंधरा बोल होतात आणि पंधरावा बोल समेवर पाहिजे. म्हणजे समेआधी चौदा बोल लागतात. दोन आवर्तनांत बोल सोळा, त्यातले सुरुवातीचे दोन सोडले की उरतात चौदा. तेव्हा तिहाई उचलायची पहिल्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर. पहिला धा पडतो सातव्या मात्रेवर, म्हणजे दोन टाळ्यांच्या बरोबर मधे. दुसरा धा पुढच्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर, म्हणजे टाळीच्या एकच बोल आधी. तिसरा थेट समेवर.

प्रेक्षक चुकतात ते दुसऱ्या ‘धा’वर. तो टाळीला इतका चिकटून येतो की हात आपोआप त्याच्याबरोबर खाली येतो, आणि एक बोल लवकर पडलेली टाळी पुढं समेवरही लवकर पडते. नाचणारी मात्र त्या तिन्ही ‘धां’वर चाळ वाजवते आणि तिची सम चुकत नाही, कारण तिनं पाच-पाच मोजलेले नसतात. तिला तीन पावलांची जागा पाठ असते. तिहाई घरी बसवायची असेल तर तोंडानं बोल म्हणत मांडीवर फक्त टाळ्या द्याव्यात, पाच टाळ्या : पहिल्या समेची, पाचव्या मात्रेची, पुन्हा समेची, पुन्हा पाचवीची आणि शेवटची समेची. दुसरा ‘धा’ चौथ्या टाळीच्या किंचित आधी निसटला पाहिजे. तो टाळीवरच आदळत असेल तर बोल ओढले गेले आहेत असं समजावं.

फडावर यातलं काहीच असं शिकवलं जात नाही. तिथं बोल तोंडी येतात आणि हातात उतरतात, मात्रा हा शब्दही क्वचित कानावर पडतो. ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीत हलगीवाला काड्यांनी जे दाट विणकाम करतो ते मोजत बसलेला माणूस तिथं टिकणारच नाही. तिथलं माप ओळीचं आहे : ओळ कुठं उचलायची, झील कुठं पडणार, तोडा कुठं घ्यायचा. संगीतबारीत ढोलकीबरोबर तबलाही असतो, बैठकीच्या लावणीत अदा चालू असताना ठेका शांत राहतो आणि शेवटाकडे लग्गी लागते. तिथं तबल्याच्या वर्गातली भाषा बरीच चालते. बालेघाटीसारख्या संथ लावणीला या लेखातली घाई लागू नाही, छक्कडीला पुरेपूर लागू आहे.

चित्रपटांनी मोजणीची सवय बदलली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) किंवा ‘पिंजरा’ (१९७२) मधल्या लावण्या पडद्यासाठी बांधलेल्या आहेत. ठरावीक मिनिटांत त्या संपायच्या असतात, तेव्हा चढीला वेळ बेताचाच. ‘नटरंग’ २०१० साली आला, तोवर ध्वनिमुद्रणात संगणकाची टिकटिक रुळली होती. टिकटिकीवर वाजवलेल्या ढोलकीची लय पहिल्या आवर्तनापासून शेवटपर्यंत एकच राहते. शिकणाऱ्याला ते सोयीचं आहे, मोजणी सुटत नाही. पण अशा ध्वनिमुद्रणावर कान तयार झालेला मुलगा फडात बसला की चढीलाच चूक समजतो.

संगणकाच्या आकड्याची आणखी एक गंमत. त्याला टाळी कुठली आणि मात्रा कुठली हे ठाऊक नसतं. ९६ टाळ्यांची लावणी तो कधी ९६ दाखवतो, कधी १९२, आणि तिस्रात गेली की कधी १४४. तिन्ही आकडे एकाच लयीचे आहेत : एकदा टाळी मोजली, एकदा टाळीचे दोन भाग, आणि एकदा तिस्राचे दोन-दोन बोल एकत्र. म्हणून ‘१९२ बीपीएमची लावणी’ हे विधान ऐकलं की आधी विचारावं, टाळीला किती?

ढोलकीचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थ्यांच्या वहीत ठेक्याच्या बोलांवर नुसतं ‘केरवा, द्रुत’ लिहून देऊ नका. पंधरा सेकंदांत समा किती, सुरुवातीला आणि शेवटी, आणि टाळीच्या पोटात तीन की चार, एवढं लिहा. पोट कुठल्या ओळीवर बदलतं आणि बदलताना टाळी कायम राहते की बोल, हेही लिहा. फार तर दोन ओळींचं काम आहे.